सोमवारी ऑम्लेटचा तवा बंद

शाळेच्या कँटीनमधून घरी येणारं पत्र बहुतेक वेळा दरवाढीचं असतं. त्यामुळे ‘येत्या सोमवारपासून दर सोमवारी कँटीनमध्ये अंडं मिळणार नाही’ असं पत्र आलं, तर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. कुणी विचारेल, आमच्या मुलांनी काय खायचं हे आता शाळा ठरवणार का? कुणी लिहील, बरं झालं, निदान सोमवार तरी पाळला जाईल. त्यावर तिसऱ्याचा संताप, चौथ्याचा हात जोडलेला इमोजी. ज्या मुलासाठी हे सगळं केलं, ते या चर्चेत कुठेच नसेल.

आपल्याकडे शाळा आणि अंडं हे दोन शब्द जवळ आले की वाद ठरलेलाच. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं असं राज्य सरकारने 2023च्या नोव्हेंबरमध्ये ठरवलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं मिळणार होतं. तरीही विरोध झाला, आणि 2025च्या सुरुवातीला सरकारने त्यासाठीचा निधी थांबवला. या सगळ्या वादात खाणारे आणि न खाणारे असे दोनच पक्ष होते. ज्याच्या घरी अंडं चालतं, आवडतंही, पण ज्याच्या अंगाला ते चालत नाही, असं मूल या दोन्ही पक्षांत बसत नाही. म्हणून कँटीनच्या व्यवस्थापकाला पत्र लिहिताना आधी हा गोंधळ दूर करावा लागतो, आणि मग तव्याबद्दल बोलावं लागतं.

अशा पत्राचा एक नमुना इथे तुकड्यातुकड्याने दिला आहे. शाळा कल्पनेतली आहे, पण तिचं कँटीन कुठल्याही शहरात सापडेल असं आहे: ऑम्लेट-पाव, बुर्जी, टोस्ट सँडविच, कटलेट, नूडल्स, शेजारच्या बेकरीतून येणारे केकचे तुकडे, आणि सगळ्यांवर मिळून दोन शेगड्या.

‘सन्माननीय पालक, सप्रेम नमस्कार. आपल्या शाळेतल्या एका लहानग्याला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. म्हणून येत्या सोमवारपासून दर सोमवारी कँटीनमध्ये अंडं किंवा अंडं घातलेला कोणताही पदार्थ बनणार नाही आणि विकला जाणार नाही. या निर्णयाचा उपासाशी, वाराशी किंवा शाकाहाराशी काही संबंध नाही. मंगळवार ते शनिवार ऑम्लेट-पाव नेहमीसारखा मिळेल.’

सुरुवात अशीच हवी, आणि शेवटचं वाक्य तर हवंच हवं. ऑम्लेट-पाव उद्याही मिळणार आहे हे कळलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी यातलं काही पत्रात नाही, ते मुद्दाम. कुणामुळे केक बंद झाला हे वर्गाला कळलं की त्या मुलाची मधली सुट्टी अवघड होते. वर्गशिक्षकांना, खेळाच्या सरांना आणि वाढणाऱ्या मावशींना मात्र नाव आणि चेहरा दोन्ही माहीत असायला हवेत. ती माहिती पत्रातून द्यायची नसते, समोरासमोर द्यायची असते.

पुढचा तुकडा: ‘सोमवारच निवडला, कारण शनिवारी दुपारी कँटीन बंद झाल्यावर सगळी भांडी, ओटा आणि शेगड्या धुतल्या जातात आणि रविवारी तिथे काही शिजत नाही. आठवड्यातली सर्वांत स्वच्छ सकाळ आमच्याकडे सोमवारची असते.’

हे कारण दिलं नसतं तर श्रावणी सोमवारचा अर्थ लोकांनी आपोआप लावला असता. गुरुवार निवडणं धंद्याच्या दृष्टीने सोपं होतं, कारण त्या दिवशी अंड्याची विक्री तशीही कमी असते. पण बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत ज्या तव्यावर बुर्जी झाली, तो तवा गुरुवारी सकाळी साडेसातला निर्धोक करणं, हे घाईतल्या माणसाकडून व्हायचं काम नव्हे.

इथे पालकांना एक प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. त्या मुलाने अंडं खाऊ नये, इतकं पुरेसं नाही का? सगळ्या कँटीनने कशासाठी थांबायचं? उत्तर प्रमाणात आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिनं असतात. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून नेमलेल्या तज्ज्ञगटाने अंड्याच्या बाबतीत सावधगिरीची सीमा 2 मिलिग्रॅम प्रथिन अशी सुचवली. म्हणजे एका अंड्याचे तीन हजार भाग केले तर त्यातला एक. एवढ्या अंशानेही अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी थोड्यांना त्रास होऊ शकतो, आणि तो बहुधा सौम्य असतो. पण नीट न धुतलेल्या उलथन्याला, तव्याच्या कडेच्या काळ्या थराला किंवा ज्या सुरीने ऑम्लेट-पावाला बटर लावलं त्याच सुरीने पुन्हा उकरलेल्या बटरच्या डब्याला, याच्या कितीतरी पट अंडं चिकटलेलं असू शकतं. मुलाने अंडं मागितलेलंच नसतं. त्याने बटर-टोस्ट मागितलेला असतो.

शाकाहारी आणि अंडंविरहित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या याच कारणाने. आपल्याकडे पाकिटबंद पदार्थावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असतो, आणि अंडं घातलेलं असेल तर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण. 2020च्या लेबलिंग नियमांनुसार अ‍ॅलर्जी करणाऱ्या ठरावीक घटकांची नावंही वेगळी लिहावी लागतात, आणि त्यांत अंडं आहे. ही सोय चांगलीच आहे, परदेशात राहणारे मराठी पालक हिरवा ठिपका तिथे नाही म्हणून हळहळतात. पण ठिपका सांगतो ते पदार्थात काय घातलं एवढंच. त्याच यंत्रावर आधी काय झालं, हे तो सांगत नाही. ‘यात अंड्याचा अंश असू शकतो’ अशी ओळ हिरव्या ठिपक्याच्या पाकिटावरही दिसते, आणि पालकांना ती चुकून छापलेली वाटते. ती चुकीची नसते.

आता पत्राचा सर्वांत लांब भाग, स्वयंपाकघराचा. बरेच व्यवस्थापक हा भाग ‘योग्य ती स्वच्छता पाळली जाईल’ एवढ्यावर उरकतात. माझ्या मते तसं केलं तर पत्र पाठवूच नये, कारण त्या मुलाच्या आईला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं.

‘सोमवारसाठी वेगळा तवा, वेगळी कढई, दोन उलथनी, एक सुरी आणि एक पाट ठेवला आहे. त्यांना हिरवी पट्टी लावली आहे आणि ती एरवी कुलपात राहतील. शनिवारी वापरलेलं तळणाचं तेल सोमवारी वापरलं जाणार नाही. टोस्टरची जाळीदार पत्री सोमवारी बंद राहील, सँडविच तव्यावर भाजलं जाईल. बटरचं नवीन पाकीट सोमवारी सकाळी उघडलं जाईल.’

यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या अडचणीतून आली आहे. बिडाचा किंवा लोखंडी तवा साबणाने खरवडून धुतला की त्याचं वर्षानुवर्षं बसलेलं तेल निघून जातं आणि डोसे चिकटायला लागतात. म्हणून आचारी तो पुसतो, धूत नाही. त्याची चूक नाही, तव्याची जातच तशी. अशा तव्यावरून अंडं पूर्ण गेलं असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, म्हणून दुसरा तवा घेणं हाच स्वस्त मार्ग. टोस्टरच्या खाचांचं तेच.

तेलाचा मुद्दा सर्वांत जास्त वेळा निसटतो. शनिवारी अंड्यात बुडवून ब्रेडचा चुरा लावलेली कटलेटं तळली, तेल गाळून डब्यात ठेवलं, सोमवारी त्यातच बटाटेवडे. वडा शुद्ध शाकाहारी, तळण मात्र अंड्याचं. गाळणीतून चुरा अडतो, बारीक कण अडत नाहीत. कढईत वड्याआधीच तेल तांबूस दिसलं किंवा तळाशी काळी रवाळ साय दिसली, तर ते तेल शनिवारचं आहे असं समजावं.

धुण्याच्या रीतीतही एक खोच आहे. अंडं लागलेलं भांडं आपण गरम पाण्याखाली धरतो, कारण गरम पाण्याने सगळं निघतं असं वाटतं. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडं पुढे घट्ट होऊ लागतो, त्यामुळे कढत पाणी ओतलं की तो भांड्याला शिजून चिकटतो. आधी गार पाण्याने खळबळायचं, मग साबण आणि घासणी, मग गरम पाणी. हातांनाही साबण आणि पाणीच. सॅनिटायझर जंतू मारतो, प्रथिन हातावर जिथल्या तिथे राहतं. शेंगदाण्याबाबत हे तपासून पाहिलेलं आहे: साबणाने लोणी गेलं, नुसत्या सॅनिटायझरने गेलं नाही.

मग सोमवारी मिळणार काय? पत्रात यादी आहे आणि ती वाचायला मजा येते: कांदेपोहे, इडली, बटाटेवडा, बेसनाच्या घोळात बुडवलेला ब्रेड, कॉर्नफ्लोअरच्या पातळ पेजेत बुडवून तळलेलं कटलेट, फ्रूट कस्टर्ड. कस्टर्ड पाहून काही पालक नक्की दचकतील, कारण मूळ इंग्रजी कस्टर्ड अंड्याच्या पिवळ्या बलकानेच दाट होतं. पण आपल्याकडच्या डब्यातली कस्टर्ड पावडर म्हणजे मक्याचं पीठ, रंग आणि वास. तिचा जन्मही याच आजारातून झाला. बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांनी 1837मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड तयार केलं, कारण त्यांच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. कँटीनने पाकीट वाचायचं ते वाचायचंच, तरी सोमवारच्या मेनूवर कस्टर्ड असण्यात एक औचित्य आहे.

टोमॅटो ऑम्लेट मात्र फळ्यावर ‘टोमॅटोचं धिरडं’ असं लिहिलं जाणार आहे. त्यात बेसनच असतं, अंडं नसतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सात वर्षांचं मूल शाळेत ‘ऑम्लेट चालतं’ हे शिकलं, तर एखाद्या दिवशी मित्राच्या घरी तेच नाव ऐकून खरंखुरं ऑम्लेट तोंडात घालेल.

बेकरीचा केक सोमवारी नाही, एगलेससुद्धा नाही. यावर मुलांची नाराजी ठरलेली. पण गल्लीतल्या बेकरीत एगलेस केक बहुतेक वेळा त्याच फेटणीने, त्याच साच्यात, त्याच भट्टीत होतो. पाव येतो तोही विचारून घ्यावा लागतो. साध्या लादीपावात अंडं नसतं, पण बनच्या पाठीवर जी चकाकी असते ती कधी दुधाची असते, कधी अंड्याचा हात फिरवलेला असतो. बेकरीवाल्याला ‘अंडं आहे का?’ असं विचारलं तर तो ‘नाही’ म्हणतो, कारण पिठात नसतंच. ‘वरून काय लावता?’ असं विचारायचं.

‘आपल्या पाल्याच्या डब्यात काय द्यावं हे आपण ठरवाल. डब्यात अंडं असल्यास हरकत नाही. मुलांनी डबा वाटून खाऊ नये आणि खाल्ल्यावर साबणाने हात धुवावेत, एवढं घरी सांगावं. वाढदिवसाला वर्गात वाटायचा खाऊ पाकिटबंद, घटकांची यादी असलेला द्यावा किंवा खाऊऐवजी पेन्सिल द्यावी.’

इथे व्यवस्थापकाने मोह टाळला आहे. सगळ्यांच्या डब्यातून अंडं बंद करा असं लिहिणं सोपं आणि जोरकस वाटतं. पण आठशे डबे रोज कोण उघडून पाहणार? बंदी घातली की शिक्षक बिनधास्त होतात, आणि धोका असतो तो तिथेच. शाळांमधल्या अ‍ॅलर्जीबद्दल 2021मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने शिफारशी केल्या. त्यांनीही संपूर्ण शाळेत एखाद्या पदार्थावर बंदी घालण्यापेक्षा कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण आणि औषधाची तयारी यांवर भर दिला, आणि आपल्या हातातला पुरावा फार भक्कम नाही हेही स्पष्ट लिहिलं. सोमवारची व्यवस्था ही बंदी नाही. कँटीनच्या ताब्यात जे आहे, म्हणजे कँटीनचं स्वयंपाकघर, तेवढ्यापुरतीच ती आहे. त्या मुलाला आठवड्यातून एक दिवस मित्रांबरोबर रांगेत उभं राहून ताट घेता यावं म्हणून. उरलेले पाच दिवस ते मूल घरचाच डबा खाणार आहे.

शेजारी कुणी उकडलेलं अंडं खाल्लं म्हणून बहुतेक मुलांना काही होत नाही, त्रास प्रामुख्याने पोटात गेल्यावर होतो. हात लागून त्वचेवर पुरळ उठू शकतं, ते बहुधा तिथल्या तिथे राहतं. पण तोच हात तोंडात जातो, म्हणून साबण.

आणि गडबड झालीच तर? पत्रात चार ओळी आहेत, त्या पुऱ्या आहेत: ‘खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ किंवा डोळे सुजणं, उलटी, खोकला, आवाज बसणं, धाप किंवा चक्कर दिसली तर मुलाला एकटं सोडायचं नाही. त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आणि इंजेक्शन कार्यालयात परिचारिकेकडे आहे. दोन शिक्षकांना ते देण्याचं शिक्षण दिलं आहे. त्याच वेळी 108ला फोन केला जाईल.’

इंजेक्शन म्हणजे अ‍ॅड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशी शाळांत त्याचं तयार पेन असतं, दाबलं की सुई आपोआप लागते. आपल्याकडे ते सहजी मिळत नाही, त्यामुळे कुपी, सिरिंज आणि मापून भरणारं माणूस लागतं. म्हणून परिचारिका आणि प्रशिक्षण. घरच्या डब्यात नेहमी असणारी अ‍ॅलर्जीची गोळी पुरळाची खाज कमी करते. श्वास अडकत असेल तर ती पुरेशी नाही, आणि ‘गोळी दिली आहे, बघू जरा’ असं म्हणण्यात गेलेली दहा मिनिटं महाग पडतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मुलाला चालवत कार्यालयात नेणं. त्याला जिथे असेल तिथे आडवं करायचं, पाय थोडे वर, आणि इंजेक्शन त्याच्याकडे आणायचं. धाप जास्त असेल तर टेकून बसवायचं, उभं करायचं नाही.

एका प्रश्नाला पत्रात उत्तर नाही, पण तो कँटीनच्या खिडकीशी हमखास विचारला जातो: ‘अहो, त्या मुलाला मागच्या महिन्यात वाढदिवसाला केक खाताना आम्ही पाहिलंय. मग अ‍ॅलर्जी कसली?’ आरोप वाटतो, पण हे खरं असू शकतं. अंड्यातली काही प्रथिनं उष्णतेने मोडतात. पांढऱ्या भागात सर्वांत जास्त असलेलं ओव्हाल्ब्युमिन हे त्यातलं. ओव्होम्युकॉइड नावाचं दुसरं प्रथिन मात्र शिजवल्यावरही बरंचसं टिकतं. ज्या मुलांचं शरीर मुख्यतः पहिल्यावर बिथरतं, त्यांना मैद्यात मिसळून भट्टीत अर्धा तास भाजलेलं अंडं चालून जातं, पण ऑम्लेट किंवा मेयोनीज चालत नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांना असा केक सोसतो. तो सोसतो का, हे डॉक्टर दवाखान्यात, देखरेखीखाली, थोडं थोडं देऊन पाहतात. घरी प्रयोग करायचा नसतो आणि कँटीनने तर मुळीच नाही. म्हणून घरी केक खाणाऱ्या मुलासाठीही सोमवारी केक नाही, कारण कुठला केक किती भाजलाय हे खिडकीतून ठरवता येत नाही.

पत्राचा शेवट एका मुदतीने होतो, आणि ही मुदत घालायला बरेच जण विसरतात. अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर ओसरते, काहींची शाळेच्या पहिल्या वर्षांतच, काहींची दहा-बारा वर्षांचं झाल्यावर, आणि थोड्यांची राहते. त्यामुळे डॉक्टर दरवर्षी पुन्हा तपासायला सांगतात. व्यवस्थापकाने लिहिलं आहे:

‘ही व्यवस्था चालू शैक्षणिक वर्षापुरती आहे. जूनमध्ये त्या लहानग्याच्या डॉक्टरांचा नवा कागद आल्यावर सोमवारचं काय करायचं ते कळवू. तोपर्यंत कुणा पालकांना सोमवारी सकाळी सव्वासातला येऊन तवा, तेल आणि पाकिटं पाहायची असतील तर अवश्य यावं. हिरव्या पट्टीची भांडी कुलपातून काढताना नोंदवहीत सही होते, तीही पाहता येईल. आपला, कँटीन व्यवस्थापक.’